पुण्यातले दोन गुन्हे आणि कलम ७९

समाजमाध्यमांवर काय राहावं आणि काय हटवावं, या वादात कंपनी आणि सरकार हेच दोन पक्ष धरले जातात. लिहिणारा माणूस बाजूलाच राहतो. पुण्यातल्या दोन प्रकरणांत हे उघड दिसतं.

२००७ साली ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्यात गुन्हा दाखल झाला. ऑर्कुट हे तेव्हाचं गुगलचं समाजमाध्यम. मजकूर ज्या इंटरनेट जोडणीवरून टाकला गेला तिचा आयपी पत्ता पोलिसांना गुगलकडून मिळाला. पण असा पत्ता बहुतेकदा एकाच ग्राहकाचा नसतो. आज एकाला मिळालेला उद्या दुसऱ्याकडे जातो. म्हणून नेमकी तारीख आणि वेळ जुळवूनच ग्राहक शोधावा लागतो. इथे इंटरनेट कंपनीकडून भलत्याच ग्राहकाची माहिती आली, आणि ज्याचा त्या मजकुराशी काहीच संबंध नव्हता असा बंगळूरचा आयटीतला एक तरुण सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला.

पुढच्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली. नव्या कलम ७९ ने कंपन्यांना अभय दिलं: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी तुमची नाही, मात्र कळल्यावर तो हटवायचा. याच दुरुस्तीतून आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ आलं आणि लिहिणाऱ्याच्या अटकेची वाट रुंदावली. २०११ च्या नियमांनी कंपनीला कारवाईसाठी ३६ तास दिले. मजकुराची झळ बसलेल्या कोणीही तक्रार करावी. मजकूर ठेवला तर कोर्टकचेरीची भीती, काढला तर कंपनीचं फारसं काही बिघडत नाही. मग ती काढणारच.

२०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. कंपनीला ‘कळणं’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना मिळणं, असंही ठरवून दिलं. खासगी तक्रारीची धार तिथे बोथट झाली. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकाऱ्यांच्या मुदती आणखी आवळल्या. पण त्यातली जवळजवळ सगळी कलमं कंपनीने काय करावं याचीच.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरविषयीची एक पोस्ट पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने पुन्हा शेअर केली. दोनेक तासांत स्वतःच काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने नाव काढून टाकलं आणि भारतीय न्याय संहितेखाली अटक झाली. ६६अ तर केव्हाच गेलं होतं! मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी सरकारला खडसावत तिला जामीन दिला, परीक्षेला बसायची मुभाही दिली.

हेच दोन तास कंपनीच्या हिशेबात धरून बघा. आदेश आल्यावर कंपनीने इतक्या लवकर मजकूर हटवला असता, तर कलम ७९ चं संरक्षण शाबूत राहिलं असतं. लिहिणाऱ्याने आदेशाची वाट न पाहता तेच केलं, तर त्याला काय मिळावं याबद्दल या कलमात एक ओळ नाही. दुरुस्ती व्हायला हवी ती इथे.