नऊ आकडे, चार नोंदी: जनगणनेचे तक्ते उतरवतानाच्या पेचाची पार्श्वभूमी

जनगणनेचा छापील किंवा पीडीएफमधला तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतला की पहिल्या तासाभरातच एक प्रश्न उभा राहतो. दोन मजली शीर्षकं, मर्ज केलेले सेल, मधेमधे येणाऱ्या बेरजेच्या ओळी आणि तळटिपांच्या फुल्या यांच्यासकट पान जसंच्या तसं उतरवायचं, की ते सगळं मोडून एका ओळीत एकच नोंद राहील असा सपाट तक्ता करायचा? हा पेच संगणकाने आणला असं वाटतं. खरं तर त्याची मुळं तक्ते मुळात तयार कसे झाले यात आहेत.

भारतात १८७२ची पहिली, तुकड्यातुकड्यांनी झालेली मोजणी आणि १८८१ची देशभर एकाच वेळी झालेली जनगणना, या दोन्हींचे निकाल वाचकांच्या हाती पोचले ते जाडजूड छापील खंडांतून. १९०१पासून माहिती एकत्र करण्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी लिहायची, त्या चिठ्ठ्या खणांमध्ये वाटायच्या, प्रत्येक खणातल्या मोजायच्या आणि आलेली संख्या तक्त्यात भरायची. म्हणजे आज ज्याला आपण ‘विश्लेषणाला सोपी रचना’ म्हणतो, एक ओळ आणि एक नोंद, ती तेव्हाही होती. फक्त ती चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात होती. छापील तक्ता ही त्या गठ्ठ्याची घडी. कागद महाग, पान अरुंद, म्हणून वर्गीकरणाचा एक निकष आडवा घातला, दुसरा उभा, तिसरा शीर्षकाच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला बेरीज करत बसावं लागू नये म्हणून एकूण आकडेही तिथेच छापले. ही रचना डोळ्यांसाठी केलेली होती, आणि त्या कामाला ती उत्तम होती.

दुसऱ्या बाजूचा विचार खूप उशिरा आला. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलेल्या डेटाबेसच्या रिलेशनल मॉडेलमध्ये तक्त्यातल्या ओळींचा क्रम आणि पानावरची जागा यांना काही अर्थच उरला नाही. जे सांगायचं ते रकान्यातल्या मूल्यानेच सांगायचं. पुढे २०१४ साली हॅडली विकम यांनी हीच शिस्त संख्याशास्त्रज्ञांच्या भाषेत मांडली: प्रत्येक चल एका रकान्यात, प्रत्येक निरीक्षण एका ओळीत. त्यानंतर ‘आधी डेटा लांब करून घ्या’, म्हणजे प्रत्येक आकड्याला स्वतःची ओळ द्या, हा जणू पहिला संस्कार झाला. माझ्या मते तो जरा घाईने झाला.

२०११च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात, म्हणजे पीसीएच्या एक्सेल फाइलमध्ये, महाराष्ट्र राज्याच्या तीन ओळी आहेत. `TRU` नावाच्या रकान्यात अनुक्रमे `Total`, `Rural`, `Urban` आणि पुढे `TOT_P`, `TOT_M`, `TOT_F`, म्हणजे व्यक्ती, पुरुष, स्त्रिया. एकूण ११,२३,७४,३३३, ग्रामीण ६,१५,५६,०७४, नागरी ५,०८,१८,२५९. तीन ओळी, तीन रकाने, असे नऊ आकडे. पण स्वतंत्र नोंदी चारच: ग्रामीण पुरुष ३,१५,३९,०३४, ग्रामीण स्त्रिया ३,००,१७,०४०, नागरी पुरुष २,६७,०४,०२२ आणि नागरी स्त्रिया २,४१,१४,२३७. उरलेले पाच आकडे बेरजा आहेत. या तीन ओळी विचार न करता लांब केल्या आणि पिव्होटमध्ये टाकल्या, तर महाराष्ट्राची लोकसंख्या बरोबर चौपट, ४४,९४,९७,३३२ येते. चौपट आकडा निदान डोळ्यांत खुपतो. `TOT_P` तेवढा घेऊन `TRU` गाळायला विसरलात तर दुप्पट येतो, आणि जिल्ह्याच्या पातळीवर दुप्पट आकडा सहज खपून जातो. त्यात राज्याच्या ओळींखालीच जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या ओळीही असतात. त्यासाठी `Level` हा रकाना दिला आहे, पण तो बघितला पाहिजे.

पायथनच्या पँडासमध्ये हे उलगडायचं तर एवढंच:

```
x = pca[(pca.Level == "STATE") & (pca.TRU != "Total")]
x.melt(id_vars=["State", "TRU"], value_vars=["TOT_M", "TOT_F"])
```

पण वगळलेल्या पाच बेरजा फेकून देऊ नयेत. पान स्कॅनवरून उतरवलं असेल तर त्याच सगळ्यात चांगले पहारेकरी ठरतात. चार नोंदींवरून पाचही बेरजा पुन्हा काढून छापील आकड्यांशी ताडून बघा. एखाद्या नोंदीत ३ चा ८ वाचला गेला असेल, तर तिच्या ओळीची आणि तिच्या रकान्याची, अशा दोन्ही बेरजा चुकतात आणि चूक नेमक्या कुठल्या घरात आहे ते कळतं. फक्त सपाट तक्ता जपला आणि मूळ मांडणी सोडून दिली, तर ही तपासणीच हातातून जाते.

दशवार्षिक वाढ दाखवणाऱ्या ए-२ तक्त्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्यात महाराष्ट्राची १९०१ची लोकसंख्या १,९३,९१,६४३ दिली आहे. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० रोजी. १९०१ साली हा प्रदेश मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड आणि निजामाचं राज्य अशा निरनिराळ्या कारभारांत विभागलेला होता. म्हणजे १९०१च्या कुठल्याही खंडात हा आकडा सापडणार नाही. नंतरच्या सीमांनुसार जुने आकडे पुन्हा जुळवून तो काढलेला आहे. छापील पानावर हे शीर्षकातून आणि टिपांतून कळतं. ‘वर्ष, राज्य, लोकसंख्या’ अशा तीन रकान्यांच्या सुटसुटीत तक्त्यात मात्र ते नाहीसं होतं, आणि कोणीतरी तो आकडा १९०१ला मोजलेला म्हणून वापरतो. तीच गत आसामची. तिथे १९८१ला जनगणना झालीच नाही, जम्मू-काश्मीरमध्ये १९९१ला झाली नाही. त्या वर्षांचे आकडे अंदाजाने भरलेले आहेत, आणि पानावर ती गोष्ट तळटिपेतून कळते. रकाना संख्यांचा करायच्या भरात फुली पुसली जाते, आणि तिच्यासोबत खालची टीपही.

म्हणून ए-२सारखा तक्ता उलगडायचा असेल तर रकाने वाढवावे लागतात: आकडा कुठल्या वर्षाच्या सीमांनुसार आहे, मोजलेला आहे की अंदाजित, आणि मूळ पान व ओळ कोणती. हे भरायची तयारी नसेल, तर तो तक्ता जसाच्या तसा ठेवलेला बरा. टक्केवारीचे छापील रकाने मी उलगडलेल्या प्रतीत घेत नाही, कारण ते पुन्हा काढता येतात. तसंच्या तसं उतरवलेल्या प्रतीत मात्र ते राहू देतो, कारण उद्धृत करणारा माणूस छापील आकडाच शोधत येतो.

थोडक्यात निवड एकदाच करायची नसते, आणि दोन प्रती ठेवायला जागाही फार लागत नाही. पहिली प्रत हाताने उतरवलेली, पानाशी प्रामाणिक, एकदा तपासली की चूक सापडल्याशिवाय न बदलायची. दुसरी तिच्यातून स्क्रिप्टने काढलेली. दुसरीत कधीही थेट दुरुस्ती करायची नाही. चूक सापडली तर पहिलीत सुधारायची आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. उलट दिशेने जाता येत नाही, हेच या क्रमामागचं कारण. उलगडलेल्या चार नोंदींवरून नऊ आकडे परत मांडता येतील, पण कुठल्या आकड्यावर फुली होती ते परत आणता येणार नाही.

जिल्ह्यांच्या पातळीवर काम करणाऱ्यांना तर हे लगेच लागतं. २०११च्या फाइलमधला ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकांचा आहे, कारण त्यात पालघर धरलेला आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. आजच्या नकाशातल्या ठाण्याला हा आकडा नावावरून जोडला तर जोडणी बिनतक्रार होते, कुठेही लाल रंग दिसत नाही, आणि पालघर रिकामा राहतो. तालुक्यांच्या ओळी उलगडलेल्या प्रतीत असतील, तर २०११चा पालघर त्यांच्या बेरजेतून उभा करता येतो. जिल्ह्याचीच ओळ तेवढी ठेवली असेल, तर नाही.