‘पाठव ना’ आणि ‘प्लीज सेंड’ : दिसायला सारखे, कानाला वेगळे

आत्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहते, भाचा बंगळुरूला. भाच्याची बायको तमिळ आणि घरचा हिशेब दोघांचा मिळून, त्यामुळे पैशाचा निरोप तिलाही वाचता यावा म्हणून इंग्रजीत लिहायचं ठरलं. आत्याचं मराठी असं होतं: “अरे बाळा, वाड्याच्या तुळयांना वाळवी लागलीय. पावसाळ्याआधी बदलायला हव्यात, तीन लाख कमी पडतायत. जमलं तर पाठव ना. मागायला लाज वाटते रे, पण तुझ्याशिवाय सांगू कोणाला?”

शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ते शब्दाला शब्द ठेवून उतरवलं: ‘प्लीज सेंड थ्री लॅख्स ॲट द अर्लिएस्ट. आय ॲम अशेम्ड टु आस्क, बट आय हॅव नो वन एल्स.’ पाठवायच्या आधी आत्याने मला दाखवलं, ते बरं झालं. दोन वाक्यांत हुकूमही होता आणि रडगाणंही.

आधी हुकूम. मराठीत ‘पाठव’ हे आज्ञार्थीच रूप आहे, पण ‘ना’, ‘रे’, ‘जमलं तर’ त्याची धार काढून टाकतात, आणि आत्याचं भाच्यावरचं हक्काचं नातं उरलेलं काम करतं. इंग्रजीत यातलं काहीच पलीकडे जात नाही. ‘प्लीज’ म्हणजे ‘ना’ असं आपण धरून चालतो, पण ‘प्लीज सेंड’ ही कार्यालयातली सूचना आहे. पुढे ‘ॲट द अर्लिएस्ट’ जोडलं की बँकेच्या वसुलीच्या पत्राचा वास येतो. ‘काइंडली’ लावून तो वास जात नाही, उलट वाढतो. इंग्रजीत नरमाई क्रियापदाच्या आधी येते आणि वाक्य प्रश्नाचं होतं: ‘वुड यू बी एबल टु लेंड मी...’ म्हणजे ‘देशील का’ नाही, ‘तुला शक्य होईल का’. यात समोरच्याला ‘नाही’ म्हणायला दार उघडं राहतं.

इथेच ‘लेंड’ महत्त्वाचं. मराठीत आपण ‘उसने’ म्हणतो, आणि शेजारचा गुजराती ‘उछीना’ म्हणतो, म्हणजे परत करायचं हे शब्दातच आलं. मुलाच्या मजकुरात ‘सेंड’ होतं. दुसऱ्या एकाने ‘फायनॅन्शियल हेल्प’ सुचवलं, त्यातून तर ते परत मिळणार की नाही हे सुनेला कळलंच नसतं. मदत मागितली असं वाटणं आणि उसनं मागितलं असं वाटणं यात मोठा फरक आहे. पहिल्यात आत्या याचक ठरते.

आता लाज. आपल्याकडे ‘लाज वाटते’ हे बरेचदा निव्वळ संकोचाचं बोलणं असतं. ‘अशेम्ड’ मात्र काहीतरी वाईट केल्याची कबुली देतं; वाचणाऱ्याला वाटेल, पैसे कुठे उधळले की काय. संकोचाला ‘आय फील अ लिटल ऑकवर्ड आस्किंग’ चालतं, तेही एकदाच. ‘आय हॅव नो वन एल्स’ तर काढूनच टाकावं. मराठीत ते जवळीक दाखवतं, इंग्रजीत मान पकडतं.

मी आत्याला विचारलं, परत कसे करणार? मार्चमध्ये १ लाख २० हजारांची एफडी पिकते, उरलेले दरमहा १५ हजार, बारा महिने. हा हिशेब लिहिला की लाजेची वाक्यं आपोआप अनावश्यक होतात. शेवटी गेलेला मजकूर असा:

‘द वुडन बीम्स इन अवर हाउस हॅव टर्माइट्स, अँड वी वाँट टु रिप्लेस देम बिफोर द रेन्स. वी आर शॉर्ट बाय थ्री लॅख्स. वुड यू टू बी एबल टु लेंड मी दॅट अमाउंट? आय कॅन रिटर्न १.२ लॅख्स इन मार्च, अँड द रेस्ट ॲट १५,००० अ मंथ फॉर ट्वेल्व्ह मंथ्स. आय फील अ लिटल ऑकवर्ड आस्किंग. इफ इट डझन्ट सूट यू, दॅट्स ट्रूली फाइन.’

‘यू टू’ सुनेसाठी. पैसे बँकेतूनच यायचे हे फोनवर सांगायचं ठरलं, कारण २० हजार किंवा त्याहून जास्त उसनं रोखीने घेता येत नाही.

आत्याने वाचून तोंड वाकडं केलं. “सगळं ठीक, पण हे कोणाला लिहिलंय तेच कळत नाही.” मग तिने सुरुवातीला ‘बाळा’ लिहायला लावलं. सुनेला तेवढं मराठी येतं.