वाशिष्ठीचा त्रिभुज प्रदेश कुठाय?

"मामा, नदी समुद्राला मिळते तिथे त्रिभुज प्रदेश होतोच ना? मग आपल्या वाशिष्ठीचा कुठाय?"

होतोच असं नाही गं. पावसात अंगणातलं गढूळ पाणी बघ. सपाटीवर आलं की मंदावतं, माती टाकतं आणि त्याच मातीला वळसा घालताना त्याला फाटे फुटतात. गोदावरी लांबून भरपूर गाळ आणते, म्हणून राजमहेंद्रीखाली, धवळेश्वरमला, तिचे गौतमी आणि वसिष्ठ असे फाटे होतात. आपली वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते न उतरते तोच समुद्र! त्यात दाभोळला भरती-ओहोटीचा झाडू दिवसातून दोनदा फिरतो. भरतीचं पाणी पार गोवळकोटपर्यंत चढतं. गाळ साचून त्रिकोण व्हायचा कधी? म्हणून तिथे खाडी.