त्रास एकच, मग औषधं दोन का?
पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन उपचाराविषयी आमच्या ग्राहकांसाठी

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बायका आम्हाला हमखास विचारतात, "पॅच दिलाय, मग ही कॅप्सूल कशाला?"

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटलेलं असतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यामुळे हळवं होतं. एरवी जाणवलीही नसती एवढ्या उष्णतेनंही ते त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम सोडतं. छातीतून चेहऱ्याकडे वाफ चढते, काही मिनिटांत ओसरते आणि मागून थंडी वाजते. हे मनाचे खेळ मुळीच नाहीत. हाडांची झीज मात्र गुपचूप होते, पहिल्या काही वर्षांत जास्त वेगाने.

त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधून हे इस्ट्रोजेन बाहेरून दिलं की वाफा कमी होतात, हाडंही सावरतात. पण तेच इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. त्याला आवर घालतं प्रोजेस्टेरॉन, म्हणजेच ती कॅप्सूल. म्हणून गर्भाशय असेल तर "बरं वाटतंय" म्हणून कॅप्सूल बंद करून नुसता पॅच कधीही लावू नका. गर्भाशय काढलेलं असेल तर कॅप्सूल सहसा लागत नाही.

समजा, बाई ५२ वर्षांची आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालंय, रात्री तीनचारदा घामाने कपडे बदलावे लागतात, वजन जास्त आहे. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. जास्त वजनाने गुठळीचा धोका आधीच वाढलेला असतो. त्वचेतून जाणारं औषध यकृताची ही पहिली फेरी टाळतं, म्हणून तिच्यासाठी पॅच बरा. कॅप्सूलने झोप येते, ती रात्रीच घ्यायची.

राहिली स्तनाच्या कर्करोगाची भीती. २००२ साली गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात दोन हार्मोनांची गोळी घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही आजच्या पॅच-कॅप्सूलपेक्षा वेगळी होती. तरी धोका शून्य नाही, वर्षांगणिक तो वाढतो. म्हणूनच दरवर्षी डॉक्टरांना भेटून उपचार पुढे चालू ठेवायचा का ते ठरवावं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरुवात केली तर फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. स्तनाचा कर्करोग, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. हा उपचार तेव्हा सहसा देत नाहीत.

त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं. ते रक्तात फारच थोडं उतरतं.

पॅच कमरेखाली, कोरड्या त्वचेवर लावा, स्तनांवर नको. दर वेळी जागा बदला. सुरुवातीचे काही महिने अंगावरून रक्ताचे थोडे डाग पडू शकतात. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले किंवा थांबून पुन्हा रक्त गेलं, तर आमच्याकडे औषध बदलून मागू नका, थेट डॉक्टरांकडे जा.