नव्या चॅनलला पंधराच मिनिटं का?

देवळातलं दीड तासाचं कीर्तन नव्याकोऱ्या यूट्यूब चॅनलवर चढवायला गेलं, की ते अडतं. नव्या खात्याला १५ मिनिटांपर्यंतचेच व्हिडिओ चालतात. फोनवर आलेला कोड भरला, की मर्यादा थेट १२ तासांवर जाते. लाइव्हसाठी पहिल्या वेळी २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. व्हिडिओखालची बाहेरची लिंक दाबता यावी, यासाठी तर ओळखपत्र दाखवा, नाहीतर चॅनलचा इतिहास साचू द्या. त्याला साधारण दोन महिने लागतात.

कीर्तनकाराला हा अपमान वाटतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण अडचण त्याची नसून फुकट मिळणाऱ्या नावाची आहे. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी २००१ मध्ये हे गणिताने मांडलं. नाव बदलायला काहीच खर्च येत नसेल, तर वाईट वागणारा जुनं नाव टाकून नव्याने येतो. मग नवखा कोण आणि पळून परत आलेला कोण, हे ओळखता येत नाही. त्यामुळे प्रत्येक नवख्यालाच सुरुवातीला थोडी किंमत मोजावी लागते.

ती किंमत कोणाला जड जाते ते पाहा. यूट्यूबवर एका फोन नंबरवर वर्षाला दोनच चॅनल पडताळता येतात. कीर्तनकाराचं एका नंबरात भागतं. फसव्या लिंका पसरवणाऱ्याची खाती मात्र सतत बंद पडत असतात. त्याला हजार चॅनल हवे असतील, तर पाचशे नंबर जमवावे लागतील. लिंकांसाठी दोन महिने थांबायचं, तर तेवढा काळ प्रत्येक चॅनल सांभाळावा लागेल. एका खात्यातून थोडेच पैसे सुटत असतील, तर हा धंदा तिथेच तोट्यात जातो.

तिन्ही मर्यादांमागची भीती मात्र वेगळी आहे. लांब व्हिडिओत अख्खी मालिका किंवा सिनेमा चोरून चढवता येतो. २००६ मध्ये यूट्यूबने १० मिनिटांची मर्यादा घातली ती याच कारणाने. लिंकमागचं पान तपासणी झाल्यावरही बदलता येतं. लाइव्ह सर्वांत अवघड, कारण तिथे आधी तपासायला काही नसतंच. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर झालेल्या हल्ल्याचं फेसबुकवरचं प्रक्षेपण १७ मिनिटं चाललं. प्रेक्षकाची पहिली तक्रार आली ती सुरुवातीनंतर २९ मिनिटांनी, म्हणजे सगळं संपून गेल्यावर.

या उपायाला एक भोक आहे, आणि मला तेच जास्त काळजीचं वाटतं. विश्वास कमवायला वेळ लागतो, म्हणून चोर तो आयताच पळवतात. जुन्या चॅनलचा पासवर्ड किंवा लॉगिन चोरायचं, नाव आणि चित्र बदलायचं, आधीचे व्हिडिओ लपवायचे आणि क्रिप्टो दुप्पट करून देण्याचं लाइव्ह सुरू करायचं. तुम्ही कधीकाळी पाककृतींसाठी सबस्क्राइब केलेला चॅनल एका रात्रीत बिटकॉइनवर बोलू लागला, तर तिथला क्यूआर कोड स्कॅन करू नका.