पंधरा खाटांची अट आणि एक ‘किंवा’

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली, तेव्हाच एक प्रश्न उभा राहिला: रुग्णालय म्हणायचं कशाला? दोन खोल्यांत चार कॉट टाकून दिलेलं बिलही क्लेमला लागेल, ही भीती होती. म्हणून जुन्या पॉलिसीत दोन वाटा ठेवल्या. संस्था स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदलेली आणि पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली हवी. किंवा तिथे किमान १५ खाटा, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, चोवीस तास प्रशिक्षित नर्स आणि डॉक्टर हवेत. लहान, ‘क’ वर्गाच्या गावांत १० खाटा चालत.

२०१३ मध्ये विमा नियामकाने ही व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात १० खाटा, इतरत्र १५, शिवाय रोजच्या नोंदी. पण ‘किंवा’ तसाच राहिला: केंद्राच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली, अथवा त्याच्या परिशिष्टातल्या राज्य कायद्याखाली नोंदणी असली तरी पुरतं. त्या परिशिष्टात मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होमला मिळणारा ‘फॉर्म सी’ हा नोंदणीचा दाखला याच कायद्याचा.

आता समजा, तालुक्याच्या गावात आठ खाटांचं नर्सिंग होम आहे. डेंग्यू झाला म्हणून तुम्ही पाच दिवस तिथे दाखल होता. कंपनीचा तपासनीस येतो, खाटा मोजतो आणि पत्र येतं: ‘१० खाटा नाहीत, क्लेम नामंजूर.’ पॉलिसीत वरचीच व्याख्या असेल आणि दाखल झाल्याच्या दिवशी फॉर्म सी चालू असेल, तर माझ्या मते हा नकार टिकू नये. नोंदणीची अट पूर्ण झाली की खाटांच्या वाटेने जायचीच गरज नाही. कंपन्या दुसरी वाट वाचतात, पहिली विसरतात, आणि त्याची किंमत आजारातून नुकतं उठलेलं कुटुंब मोजतं.

खरी अडचण नोंदणी संपलेली असते तेव्हा येते. फॉर्म सीची मुदत ठरावीक असते आणि नूतनीकरण रखडतं. मग दुसऱ्या वाटेने जावं लागतं, आणि तिथल्या अटी एकत्र लागू होतात. एक कमी पडली तरी सगळं कोसळतं. खाटा बारा आहेत, पण रात्री नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसलेली मावशीच सलाइन बदलते, असं ड्युटी रजिस्टरवरून दिसलं, तर बाजू खरोखर कमकुवत होते. डॉक्टर फोनवर असणं म्हणजे चोवीस तास हजर असणं नव्हे.

म्हणून ठरवून दाखल होत असाल तर रिसेप्शनवर भिंतीला लावलेल्या फॉर्म सीची तारीख बघा आणि फोटो काढून ठेवा. क्लेम नाकारला तर पत्रात नेमकं कोणतं कलम दिलंय ते वाचा, पॉलिसीतली ‘रुग्णालय’ची व्याख्या त्याशेजारी ठेवा आणि फॉर्म सीची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही.