ही भाषा आहे की नुसती अक्षरं? जोड्या मोजून बघा

परवा एक मित्र एक फाइल साफ करत बसला होता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम, बऱ्याच भाषांमधलं, एकाखाली एक ओळी. ज्या ओळी बिघडलेल्या वाटतील त्यांच्यापुढे तो "कचरा" लिहीत चालला होता आणि त्यात ही ओळ पण गेली:

```
Genir pawb yn rhydd ac yn gydradd â'i gilydd
mewn urddas a hawliau.
```

मी विचारलं, ही का काढलीस? तर म्हणाला, "अरे बघ ना, `rhydd` मध्ये स्वरच नाही, कोणीतरी कीबोर्डवर हात आपटलाय." ही वेल्श आहे, आणि अर्थ साधारण असा की सगळे जन्मतः मोकळे आणि प्रतिष्ठेत व हक्कांत एकमेकांच्या बरोबरीचे असतात. स्वर आहेत, फक्त आपल्या डोळ्याला ओळखू येत नाहीत, कारण वेल्शमध्ये `y` आणि `w` हे सरळ स्वर म्हणून वापरतात आणि `dd` हे जोडाक्षर नसून वर्णमालेतलं एक स्वतंत्र अक्षर आहे. चेक भाषेत तर `strč prst skrz krk` हे अख्खं वाक्य आहे (घशात बोट घाल असा अर्थ), त्यात `r` च स्वराचं काम करतो. म्हणजे "स्वर नाहीत, उच्चार जमत नाही, म्हणून निरर्थक" ही परीक्षा फक्त एवढंच सांगते की आपल्याला इंग्रजी स्पेलिंगची सवय आहे.

मग भाषा येत नसताना कसं ओळखायचं? यासाठी एक जुनी युक्ती आहे आणि मला ती फार आवडते, कारण कागद-पेन्सिलीने होते आणि शब्दकोश लागत नाही. विल्यम फ्रीडमन या अमेरिकन सांकेतिक लिपीतज्ज्ञाने ती १९२० च्या दशकात मांडली. प्रश्न इतका साधा की मजकुरातून डोळे मिटून कुठलीही दोन अक्षरं उचलली तर ती सारखी निघण्याची शक्यता किती?

अक्षरं खरंच कशीही पडली असतील, २६ पैकी प्रत्येकाला सारखा चान्स, तर ती शक्यता २६ मध्ये १, म्हणजे ०.०३८. पण कुठल्याच भाषेत सगळी अक्षरं सारखी चालत नाहीत, प्रत्येक भाषेची काही लाडकी अक्षरं असतात, ती परत परत येतात, काही क्वचित, आणि लाडक्या अक्षरांमुळे जोड्या जास्त जुळतात. गंमत म्हणजे लाडकं अक्षर *कुठलं* हे तुम्हाला माहीत असायची गरजच नाही.

आता वरची ओळ घेऊ. विरामचिन्हं, मोकळ्या जागा काढल्या आणि `â` ला `a` धरलं की ५३ अक्षरं उरतात. ५३ अक्षरांतून दोन-दोनच्या एकूण १३७८ जोड्या होतात. आता जुळणाऱ्या किती? `d` नऊ वेळा आलाय, त्या नऊ जणांच्या आपसात ३६ जोड्या. `a` आठ वेळा, २८ जोड्या. `y` पाच वेळा, १०. `n`, `i`, `r` प्रत्येकी चार वेळा, तिघांच्या मिळून १८. `g` आणि `w` तीन-तीन वेळा, मिळून ६. `e`, `h`, `l`, `u` दोन-दोन वेळा, मिळून ४. बाकीची एकेकदाच आलीत, त्यांची जोडी नाही.

```
३६ + २८ + १० + १८ + ६ + ४ = १०२
१०२ / १३७८ = ०.०७४
```

अक्षरं यदृच्छया पडली असती तर १३७८ भागिले २६ म्हणजे ५३ जोड्या जुळायला हव्या होत्या, त्यात साधारण ७ इकडेतिकडे चालतं. इथे १०२ आहेत! इतका फरक नुसत्या योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांचा हा आकडा ०.०६५ ते ०.०८ च्या आसपास येतो, तर आपली "कचरा" ओळ बरोबर त्यांच्यात जाऊन बसते.

पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. तुलना कशाशी करायची हे मजकुरात *किती वेगवेगळी चिन्हं वापरलीत* यावर ठरतं. कॉम्प्युटर जे हेक्स कोड टाकतो, ० ते ९ आणि `a` ते `f`, त्यात चिन्हंच १६, तर पूर्ण यदृच्छ असूनही आकडा १/१६ म्हणजे ०.०६२५ येतो. २६ धरून बसलात तर हा कोड तुम्हाला भाषा वाटेल. आपल्या वेल्श ओळीत पण प्रत्यक्षात १७ च अक्षरं दिसतात, म्हणून कोणी म्हणेल की मग १७ धरा ना. धरू. मग अपेक्षा ८१ जोड्यांची, साधारण ९ इकडेतिकडे, आणि आपल्या १०२ अजूनही वरच आहेत, फक्त आता खात्री आधीइतकी घट्ट राहत नाही. म्हणून एका परीक्षेवर थांबायचं नाही.

दुसरं असं की ही सगळी ५३ अक्षरं पिशवीत टाकून हलवली आणि परत मांडली तरी उत्तर १०२ च येणार, कारण जोड्या मोजताना क्रम आपण बघितलाच नाही. भाषा तर क्रमात असते. म्हणून पुढची पायरी शेजाऱ्यांची, कोणाच्या मागोमाग कोण येतं. वरच्या ओळीत `d` च्या लगेच मागे `d` चार वेळा आलाय, पिशवी हलवली तर सरासरी एकदा-दीडदा येईल. आणि पाचही `y` नंतर एक तर `n` आहे नाही तर `d`, तिसरं कोणी नाही. हे मला ओळ बघितल्यावर सुचलं, आणि आधी बघून मग नियम काढणं ही स्वतःला फसवण्याची सगळ्यात सोपी वाट आहे, कारण कुठल्याही ढिगात शोधलं तर काहीतरी नक्षी सापडतेच. खरी परीक्षा म्हणजे एका तुकड्यावरून अंदाज बांधा आणि दुसऱ्या तुकड्यावर तपासा. त्याच कलमाचं दुसरं वाक्य हे:

```
Fe'u cynysgaeddir â rheswm a chydwybod, a dylai pawb
ymddwyn y naill at y llall mewn ysbryd cymodlon.
```

`dd` परत आला, दोनदा. `y` चा नियम मात्र मोडला, `ys` आहे, `yl` आहे, `ym` पण आहे, म्हणजे तो नियम निम्मा माझ्या डोळ्यातला होता. पण `pawb` बघा, आणि `mewn`. दोन्ही शब्द पहिल्या वाक्यात होते आणि इथे जसेच्या तसे परत आलेत. चार अक्षरांचे शब्द यदृच्छया बनवले तर साडेचार लाखांहून जास्त वेगवेगळे बनतात, त्यातले दोन-दोन शब्द इतक्या लहान मजकुरात परत यावेत हे आपोआप होत नाही. लांब अंतरावर तोच शब्द पुन्हा भेटणं ही माझ्या मते भाषेची सगळ्यात चांगली खूण.

कीबोर्डवर खरंच हात आपटला तर काय होतं? जोड्यांचा आकडा उलट भाषेपेक्षा वर जातो, कारण बोटं मधल्या ओळीतल्या सात-आठ बटणांवरच फिरतात, आठ बटणं सारखी वाजली तर ०.१२५. पण "आकडा फार मोठा म्हणजे कचरा" असंही म्हणता येत नाही, हवाईयन भाषेची अक्षरंच १३ आहेत, तिचाही आकडा मोठाच येणार. तिथे शेजारी बघावे लागतात: आपटलेल्या मजकुरात एकामागून एक येणारी अक्षरं कीबोर्डवरही शेजारी-शेजारी असतात, भाषेला कीबोर्डची रचना माहीत नसते.

हे सगळं वाचून कोणी सिंधू लिपीकडे धाव घेऊ नये म्हणून सांगतो, कारण दर काही महिन्यांनी कोणीतरी ती "वाचल्याचा" दावा करतं आणि तो मेसेज सगळीकडे फिरतो. २००९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ राजेश राव आणि सहकाऱ्यांनी "सायन्स" या नियतकालिकात दाखवलं की सिंधू चिन्हांमध्ये शेजाऱ्यांचा क्रम यदृच्छ नाही, भाषांसारखा आहे. हे काम मोलाचं आहे. पण भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रोट यांनी लगेच प्रश्न उभा केला की रचना असणं म्हणजे भाषा असणं नव्हे, आणि पुढे त्यांनी हवामानाच्या अंदाजातल्या आयकॉनच्या ओळींसारख्या भाषा नसलेल्या चिन्हांशीही तुलना करून बघितली. त्यात सिंधू लेख सरासरी पाच चिन्हांचे. पाच चिन्हांच्या मुद्रेवरून अख्खे श्लोक काढून दाखवणाऱ्यांनी आधी हे सांगावं की त्यांची पद्धत उलटसुलट केलेल्या चिन्हांतून श्लोक काढत नाही कशावरून.

लांबीचा हा मुद्दा रोजच्या कामातही आडवा येतो. दहा अक्षरांच्या तुकड्यात जोड्या ४५, यदृच्छ असेल तर दोनेक जुळतील, भाषा असेल तर तीनेक, आणि या फरकावर कोणी काही ठरवू नये. तिथे "कचरा" लिहायचं नाही, "ठरवता येत नाही" लिहायचं. आणि नीट कुलूपबंद केलेला मजकूर, एन्क्रिप्शन केलेला, या सगळ्या परीक्षांत यदृच्छच दिसणार, कारण तसं दिसणं हेच त्याचं काम, पण आत अर्थ असतोच.

हे ऐकल्यावर मित्राने कचऱ्यातल्या ओळी परत काढल्या. एक ओळ बघून तो म्हणाला, ही तरी नक्की गेलेली आहे ना. त्यातला एक शब्द असा:

```
à¤®à¤¾à¤¨à¤µà¥€
```

मी म्हटलं मोज. १५ चिन्हं, १०५ जोड्या. `à` पाच वेळा, १० जोड्या, `¤` चार वेळा, ६ जोड्या, एकूण १६, म्हणजे ०.१५. आता शेजारी: `à` नंतर प्रत्येक वेळी `¤` किंवा `¥`, आणि `à` स्वतः नेमका दर तिसऱ्या जागेवर. कुठलीच भाषा इतकी घड्याळासारखी चालत नाही, पण यदृच्छ तर हे मुळीच नाही. दर तिसऱ्या जागेवर तेच चिन्ह म्हणजे तीन-तीन बाइटचं एक अक्षर, आणि युनिकोडच्या `UTF-8` पद्धतीत देवनागरीचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, पहिला बाइट कायम `E0`, जो चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडला की `à` दिसतो. त्याने फाइल बंद केली, `UTF-8` निवडून परत उघडली, आणि त्या जागी शब्द आला: मानवी. ती मराठीची ओळ होती.